कोठडी, जामीन, स्थगिती : परभणीच्या बातम्या वाचताना

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाबाहेर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर बंद ठेवण्यात आले, बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड सुरू केली. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तिशीतला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. त्याला आधी पोलीस कोठडी मिळाली, १४ डिसेंबरला न्यायालयीन कोठडी मिळाली आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. पुढे आठ महिने परभणीच्या बातम्यांत एकामागून एक शब्द येत राहिले : न्यायालयीन कोठडी, दंडाधिकारीय चौकशी, जामीन, खंडपीठाचा आदेश, सर्वोच्च न्यायालयात धाव, याचिका फेटाळली.

यातला प्रत्येक शब्द वाचकाच्या ओळखीचा असतो. तरी बातमी वाचून झाल्यावर नेमके काय घडले हे बऱ्याचदा कळत नाही. ‘न्यायालयीन कोठडीत मृत्यू’ असे छापून आले की काहींना वाटते, माणूस कोर्टाच्या आवारातच गेला. ‘जामीन मंजूर’ वाचले की वाटते, सुटला. ‘जामीन फेटाळला’ वाचले की वाटते, गुन्हा सिद्ध झाला. यातले एकही खरे नाही. हे सगळे शब्द दोनच गोष्टी सांगतात : तो माणूस किंवा ते प्रकरण सध्या कोणाच्या हातात आहे, आणि किती काळासाठी. दोषी कोण याचा निर्णय त्यांत नसतो, तो खटल्याच्या शेवटी निकालपत्रात येतो. परभणीच्या या प्रकरणाचा माग धरत गेले तर हे शब्द क्रमाने उलगडत जातात.

चोवीस तास आणि त्यानंतरचा रिमांड

पोलिसांनी कोणाला अटक केली की घड्याळ सुरू होते. संविधानाचे कलम २२ सांगते की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. प्रवासाला लागलेला वेळ यात धरला जात नाही. अटकेचे कारण त्याला सांगायचे असते आणि तो कुठे आहे हे त्याच्या घरी किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवायचे असते. चोवीस तासांपुढे पोलिसांना त्याला स्वतःच्या अधिकारात एक तासही ठेवता येत नाही. पुढे ठेवायचे असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. या परवानगीला बातमीत ‘रिमांड’ म्हणतात.

रिमांडची सुनावणी बहुतेक वेळा छोटी असते. तपास अधिकारी आरोपीला घेऊन येतो, सोबत रिमांड रिपोर्ट आणि केस डायरी असते. सरकारी वकील सांगतात की हत्यार जप्त करायचे आहे, साथीदारांची नावे काढायची आहेत, म्हणून इतके दिवस कोठडी द्या. आरोपीचा वकील विरोध करतो. दंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ त्याचे उत्तर लिहून घेतले जाते. मग निर्णय होतो : पोलीस कोठडी, न्यायालयीन कोठडी किंवा जामीन.

कोर्टाच्या व्हरांड्यात पहिल्या दोन पर्यायांना ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’ म्हणतात. पोलीस कोठडीत माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो आणि तपास अधिकारी त्याला कधीही समोर बसवून विचारपूस करू शकतो. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो. त्याचा ताबा कारागृह अधीक्षकांकडे जातो आणि पोलिसांना त्याची चौकशी करायची असेल तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते. तेव्हा न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने तुरुंगात पाठवणे. परभणीच्या बातमीत ‘न्यायालयीन कोठडीत मृत्यू’ म्हटले होते, त्याचा अर्थ मृत्यूच्या दिवशी सोमनाथ कायद्याने तुरुंगाच्या ताब्यात होता. त्याआधीचे दिवस तो पोलिसांच्या ताब्यात होता. एकाच आठवड्यात ताबा बदलला होता, आणि पुढचा सगळा वाद याच बदलाभोवती फिरला.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात झालेल्या शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण अनेक जखमांनंतर आलेला ‘शॉक’ असे नोंदवले गेले. जखमा होत्या तर त्या कोणत्या ताब्यात असताना झाल्या, हा प्रश्न मग उभा राहिला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की दंडाधिकाऱ्यांनी विचारल्यावर सोमनाथने मारहाणीची तक्रार केली नव्हती. कुटुंबाचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. वर सांगितलेला तो एका ओळीचा प्रश्न किती जड आहे, हे इथे दिसते. तक्रार आहे का असे विचारले जाते तेव्हा आरोपीला आणणारे पोलीस त्याच दालनात उभे असतात, आणि पुन्हा पोलीस कोठडी मिळाली तर त्याला त्यांच्याचबरोबर परत जायचे असते. म्हणून ‘नाही’ या उत्तरावर सगळे सोडून देता येत नाही. त्याला जोड लागते ती वैद्यकीय नोंदींची.

कायद्याने ही जोड दिलेली आहे. अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी. तुरुंगात घेतानाही तपासणी होते आणि अंगावरच्या खुणा लिहिल्या जातात. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि त्याचे चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की जखम पहिल्यांदा कधी दिसली हे कळू शकते. कोठडीतल्या मृत्यूची बातमी वाचताना सर्वांत आधी शोधायच्या त्या याच तारखा : अटक कधी, ताबा कधी बदलला, आणि प्रत्येक वेळी तपासणीत काय लिहिले गेले.

साठ आणि नव्वद दिवसांचा हिशेब

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. परभणीची घटना त्यानंतरची, म्हणून तिला नवा कायदा लागू होतो. रिमांडची मर्यादा या संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांच्या वर देता येत नाही. पूर्वी हे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच वापरावे लागत. आता ते तुकड्यातुकड्यांत, गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही मागता येतात. त्यामुळे तुरुंगात गेलेला माणूस काही दिवसांनी ‘पुन्हा पोलीस कोठडीत’ अशी बातमी आता येऊ शकते. त्यात काही बेकायदेशीर घडले असे समजू नये. मात्र पुढे कधीतरी पोलीस कोठडी लागेल, एवढ्याच कारणावरून जामीन नाकारता येणार नाही, हेही याच कायद्याने लिहून ठेवले आहे.

दोन्ही कोठड्या मिळून तपासाला किती वेळ, याचीही सीमा आहे. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कैद होऊ शकते, तिथे नव्वद दिवस. इतर गुन्ह्यांत साठ दिवस. तेवढ्यात पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. बातमीत याला ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात.

एक उदाहरण मोजून पाहू. समजा, एखाद्याला १२ डिसेंबर २०२४ रोजी पहिला रिमांड मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे रिमांडचा पहिला दिवसही मोजायचा. डिसेंबरचे वीस दिवस, जानेवारीचे एकतीस आणि फेब्रुवारीचे नऊ मिळून साठ होतात. म्हणजे ९ फेब्रुवारी २०२५ पर्यंत दोषारोपपत्र आले नाही तर १० तारखेला त्याला जामीन मागता येतो. गुन्हा नव्वद दिवसांच्या गटातला असेल तर हीच सीमा ११ मार्चला संपते. पण हक्क मिळाला म्हणून दार आपोआप उघडत नाही. अर्ज करावा लागतो आणि जामिनाची तयारी दाखवावी लागते. अर्ज करण्याआधीच दोषारोपपत्र दाखल झाले तर हा हक्क हातचा जातो. म्हणून त्या दिवशी सकाळीच अर्ज घेऊन उभे राहणारे वकील दिसतात.

असा जामीन मिळाल्यावर ‘आरोपी निर्दोष’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘न्यायालयाने गुन्हेगाराला सोडले’ म्हणणेही चुकीचे. न्यायालयाने पुरावा पाहिलेलाच नसतो. तपास यंत्रणेने दिलेली मुदत पाळली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

जामीन : मंजूर झाला तरी बाहेर का नाही?

जामीन म्हणजे खटला चालू असताना माणूस बाहेर राहील, पण तारखेला हजर होईल, याची हमी. गुन्हे दोन प्रकारचे असतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो आणि तो पोलीस ठाण्यातही मिळतो, त्याला लोक ‘टेबल जामीन’ म्हणतात. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही असा समज आहे, तो खरा नाही. तिथे तो न्यायालयाच्या निर्णयावर अवलंबून असतो. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का, गुन्हा किती गंभीर आहे, हे न्यायालय पाहते. अटकेची भीती असलेला माणूस आधीच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाऊ शकतो, तो अटकपूर्व जामीन. दंडाधिकाऱ्यांनी जामीन फेटाळला तर परभणीच्या जिल्हा व सत्र न्यायालयात, तिथेही फेटाळला तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, अशी वाट असते. म्हणून ‘जामीन फेटाळला’ या बातमीत कोणत्या न्यायालयाने फेटाळला हे पाहावे. पुढे आणखी किती दारे आहेत ते त्यावरून कळते.

जामिनाचे दोन कागद असतात आणि त्यांतच बरेच लोक अडकतात. एक वैयक्तिक जातमुचलका : ‘मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर अमुक रक्कम भरीन,’ असे आरोपीने स्वतः लिहून देणे. ही रक्कम आधी भरायची नसते. दुसरा जामीनदार : तीच हमी दुसऱ्याने घेणे. जामीनदाराची ऐपत दाखवावी लागते. ग्रामीण भागात त्यासाठी बहुधा सातबारा चालतो, नाहीतर तहसील कार्यालयाचे ऐपत प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘सॉल्व्हन्सी’ म्हणतात. ‘पंचवीस हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन’ असे वाचून वाटते की पंचवीस हजार रुपये भरले. तसे नसते. आरोपी गायब झाला तर ती रक्कम वसूल होते.

अडचण कुठे येते? ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याचा कोणी सातबारावाला नातेवाईक पुढे येत नाही, त्याचा जामीन कागदावर मंजूर होतो आणि तो तुरुंगातच राहतो. मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या माणसाला स्थानिक जामीनदार मिळणे आणखी कठीण. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर सूचना दिल्या. जामीन आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळावी. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करता येईल का, हे न्यायालयाने स्वतःहून पाहावे. हे प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयाच्या आवारातच असते आणि तिथे ज्यांना गरज आहे त्यांना मोफत वकील मिळतो. जामीन मंजूर होऊन आठवडा उलटला आणि माणूस घरी आला नाही, तर नातेवाइकांनी तिथे जाऊन विचारावे.

दीर्घकाळ खटला न चालता तुरुंगात पडून राहिलेल्यांसाठी नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये आणखी एक दार आहे. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला तर जामीन मिळू शकतो. आधी कधीही शिक्षा झालेली नसेल तर एकतृतीयांश काळ पुरतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत लागू होत नाही, आणि एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले चालू असले तर अडचण येते.

मृत्यूची चौकशी आणि गुन्हा दाखल होणे

कोठडीत मृत्यू झाला की संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असते. परभणीच्या प्रकरणातही ती झाली. पण ही चौकशी म्हणजे खटला नव्हे आणि तिचा अहवाल म्हणजे निकालही नव्हे. अहवाल आल्यानंतर नेमके कोणी काय करायचे, याची स्पष्ट पायरी कायद्यात लिहिलेली नाही. नेमका हाच मुद्दा सोमनाथच्या आईच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे मांडला.

४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आदेश दिला की आईच्या तक्रारीवरून एका आठवड्यात गुन्हा नोंदवावा. बातम्यांत हे ‘पोलिसांवर गुन्हा दाखल करण्याचे आदेश’ असे आले. इथे ‘गुन्हा दाखल’ याचा नेमका अर्थ धरून ठेवायला हवा. गुन्हा दाखल होणे म्हणजे एफआयआर नोंदवली जाणे. त्यातून तपास सुरू होतो, पुरावा गोळा होतो, पुरेसा असेल तर दोषारोपपत्र जाते, मग खटला चालतो. एखाद्याच्या नावाने एफआयआर आहे याचा अर्थ त्याने तो गुन्हा केला आहे असा होत नाही. त्याचबरोबर एफआयआरच नसेल तर पुढचे काहीच होऊ शकत नाही. सात महिने या कुटुंबाची लढाई पहिल्या पायरीवर येण्यासाठीच होती, हे लक्षात घेतले की त्या आदेशाचे वजन कळते आणि त्याची मर्यादाही कळते.

स्थगिती म्हणजे काय थांबते?

खंडपीठाच्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा वेळी वरच्या न्यायालयाकडे दोन गोष्टी मागितल्या जातात. एक, खालचा आदेश रद्द करा. दोन, तोपर्यंत त्या आदेशाची अंमलबजावणी थांबवा. ही दुसरी मागणी म्हणजे स्थगिती, लोकांच्या तोंडी ‘स्टे’.

स्थगितीने आदेश चूक ठरत नाही आणि रद्दही होत नाही. तो जागच्या जागी राहतो, फक्त त्यावर कृती करता येत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते : वरच्या न्यायालयात अपील केले म्हणून खालचा आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि न्यायालयाने ती स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. ‘आम्ही हायकोर्टात गेलो आहोत’ असे सांगून खालचा आदेश न पाळणाऱ्याला म्हणून स्थगितीच्या आदेशाची प्रत मागावी.

परभणी प्रकरणात स्थगिती मिळाली असती तर एफआयआर लांबली असती आणि तपासही. ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार देऊन राज्याची याचिका फेटाळली, आणि खंडपीठाचा आदेश कायम राहिला. ‘स्थगिती नाकारली’ आणि ‘याचिका फेटाळली’ या दोन बातम्या एकसारख्या वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे. स्थगिती नाकारली तरी मूळ याचिका जिवंत असू शकते आणि तिचा निकाल उलटा लागू शकतो. याचिकाच फेटाळली तर ती वाट तिथे संपते.

जमिनीच्या भांडणात हाच शब्द थोडा वेगळ्या अर्थाने येतो. समजा, सेलू तालुक्यात दोन भावांत शेताच्या वाटणीचा दावा आहे आणि एकाने आपला हिस्सा विकायला काढला. दुसरा दिवाणी न्यायालयात अर्ज करतो आणि न्यायालय सांगते की निकाल लागेपर्यंत जमीन विकायची नाही. लोक म्हणतील, ‘त्याने स्टे आणला.’ खरे तर हा तात्पुरता मनाई हुकूम आहे. स्थगिती न्यायालयाच्या किंवा कार्यालयाच्या आदेशाला थांबवते, मनाई हुकूम माणसाच्या कृतीला थांबवतो. ‘जैसे थे’ आदेश याहून वेगळा : आज ताबा, बांध, पीक ज्या स्थितीत आहे तसेच ठेवा. तो वाचताना ‘आज’ म्हणजे कोणती तारीख, हे आदेशात पाहावे, कारण पुढचे भांडण त्यावरच होते.

स्थगिती किती दिवस टिकते? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की उच्च न्यायालयांनी दिलेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो नियम मागे घेतला. आता न्यायालयाने मुदत घातली नसेल तर स्थगिती पुढचा आदेश होईपर्यंत चालू राहते. सहा महिने झाले म्हणून ती उठली असे धरून कोणी बांधकाम किंवा व्यवहार सुरू केला तर तो अडचणीत येईल.

समन्स : आरोप नव्हे, बोलावणे

दोषारोपपत्र किंवा खाजगी तक्रार न्यायालयात आली की संबंधितांना समन्स निघते. समन्स म्हणजे अमुक तारखेला अमुक न्यायालयात हजर राहा असा लेखी आदेश. तो आरोपीला जातो तसाच साक्षीदारालाही जातो. म्हणून ‘अमक्याला समन्स’ वाचून तो आरोपी आहे असे समजू नये. त्याला कोणत्या नात्याने बोलावले हे समन्सवरच लिहिलेले असते.

फौजदारी प्रकरणात समन्स बहुधा पोलीस बजावतात, दिवाणी दाव्यात बेलिफ. माणूस घरी नसेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या सज्ञान कुटुंबीयाला देता येते. जुन्या कायद्यात फक्त पुरुष कुटुंबीय चालत असे, आता घरातल्या बाईनेही ते घेतले तरी बजावणी पूर्ण होते. कोणीच घेतले नाही तर दारावर डकवता येते. कागद घेतला नाही म्हणजे सुटलो, असे होत नाही.

हजर न राहिल्यास पायऱ्या वाढतात. आधी जामीनपात्र वॉरंट निघते : पोलीस घेऊन जाऊ शकतात, पण हमी दिल्यास लगेच सोडतात. मग अजामीनपात्र वॉरंट, आणि तरीही न सापडल्यास न्यायालय फरार घोषित करून मालमत्तेवर जप्ती आणू शकते. ‘वॉरंट निघाले’ ही बातमी शिक्षेची नसते, बहुतेक वेळा ती चुकलेल्या तारखेची असते. कारण खरे असेल, म्हणजे आजारपण, कागद न मिळणे, तर वकिलामार्फत स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करता येतो. वॉरंटच्या भीतीने लपून राहिल्याने मात्र पुढे जामीन मिळणे अवघड होते.

पोलिसांची नोटीस ही वेगळी गोष्ट. अटक आवश्यक नसेल तेव्हा पोलीस कलम ३५ नुसार चौकशीला बोलावणारी नोटीस देतात, आणि ती पाळत राहिल्यास सहसा अटक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. न्यायालयाचे समन्स मात्र शिक्क्याच्या प्रतिमेसह इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकते. त्यामुळे फोनवर आलेले समन्स खरे की खोटे, हे प्रकरण क्रमांकावरून ई-कोर्ट सेवेवर किंवा त्या न्यायालयाच्या कार्यालयात तपासावे. आणि व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा’ असे कोणी म्हणत असेल तर ती निव्वळ फसवणूक आहे. भारताच्या कायद्यात अशी अटक नाही, आणि जामिनाची रक्कम कोणाच्या खात्यावर पाठवून घेतली जात नाही.

बातमी हाती आली की

न्यायालयाची कोणतीही बातमी वाचताना चार गोष्टी शोधाव्यात : न्यायालय कोणते, टप्पा कोणता, आदेश तात्पुरता की अंतिम, आणि पुढची तारीख काय. परभणीच्या प्रकरणाला हे लावून पाहिले तर डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा फक्त आरोपी होता, त्याच्यावर काहीही सिद्ध झाले नव्हते. आणि जुलै २०२५ च्या आदेशांनी कोणत्याही पोलिसाला दोषी ठरवले नाही, त्यांनी तपासाचा रस्ता मोकळा केला. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. कायद्याने दोघांनाही दिलेले हे संरक्षण एकच आहे, आणि एकाला ते नाकारायचे व दुसऱ्याला द्यायचे असे वाचकाला करता येत नाही. तपास पूर्ण होईल, दोषारोपपत्र जाईल की नाही ते ठरेल, खटला चालला तर साक्षी होतील. त्या प्रत्येक टप्प्याची बातमी येईल तेव्हा तिच्यातला शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ओळखणारा वाचक न्याय झाला की नाही हे स्वतः तपासू शकेल.